कर्जरोख्यांची दलाली कोणत्या वर्षाच्या माथी?

हिशेबाचे शिक्षण मला कॉलेजात मिळाले नाही. वाटाघाटींच्या टेबलावर मिळाले. एका कारखान्यात आमचा अंदाज आठ लाखांच्या नफ्याचा होता आणि ताळेबंद पाच लाख सांगत होता. आकडे सोपे करून सांगतो. कंपनीने त्या वर्षाच्या आरंभी एक कोटीचे कर्जरोखे काढले होते. फेड पाच वर्षांत, दर वर्षअखेर वीस लाख. न खपलेले रोखे आपण घेऊ, अशी हमी देणाऱ्याला अडीच टक्के कमिशन, म्हणजे अडीच लाख. गिऱ्हाईक आणणाऱ्या दलालांना पन्नास हजार. हमीदाराला एकही रोखा घ्यावा लागला नाही, तरी त्याचे कमिशन चुकत नाही, कारण त्याने जोखीम पत्करलेली असते. हे तीन लाख एकाच वर्षाच्या नफ्यातून वळते केले होते.

यात लबाडी होतीच असे नाही. दिलेली दलाली बाजारात विकता येत नाही, तेव्हा ती मालमत्ता म्हणून मिरवू नये, हा सावध हिशेबनिसाचा विचार आहे. शिवाय कर्ज उभारण्याचा खर्च हा महसुली खर्च आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने इंडिया सिमेंट्सच्या खटल्यात १९६५ साली ठरविले. व्यवस्थापनाने तोच निवाडा आमच्यापुढे ठेवला. पण तो प्राप्तिकराचा प्रश्न होता. करात काय वजा होते आणि त्या वर्षाचा खरा नफा किती, हे दोन निराळे प्रश्न आहेत.

कर्ज पाच वर्षे वापरायचे, तर ते मिळविण्याचा खर्च हा व्याजाचाच भाऊ. व्याज आपण एका वर्षावर लादत नाही. मग दरसाल साठ हजार लावावे काय? तेही पुरते न्याय्य नाही. पहिल्या वर्षी पूर्ण कोटी वापरात, शेवटच्या वर्षी वीसच लाख. म्हणून पाच, चार, तीन, दोन, एक या प्रमाणात वाटणी करावी: एक लाख, ऐंशी हजार, साठ, चाळीस आणि वीस हजार. या रीतीने त्या वर्षाचा नफा सात लाख निघतो. मोठ्या कंपन्यांना आज लागू असलेली मानके हा खर्च कर्जाच्या रकमेतूनच वजा करून मुदतभर व्याजात मिसळतात. गणित किचकट, विचार हाच.

मात्र पसरण्याच्या नावाखाली खर्च दडविताही येतो. सगळे रोखे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस फेडले, तर उरलेले एक लाख वीस हजार तेव्हाच खर्ची पडले पाहिजेत. फिटलेल्या कर्जाची दलाली पुढच्या ताळेबंदात तशीच दिसली, तर तिथे बोट ठेवून विचारावे. आमच्या बैठकीत पुढची चार वर्षे मात्र याच दलालीपायी नफा फुगलेला दिसणार होता. म्हणून आम्ही करार एका वर्षाचा न करता तीन वर्षांचा मागितला.