‘फिल्टर’ म्हणजे कुठला फिल्टर?

माटुंग्याच्या बाजारातून जाताना भाजलेल्या कॉफीचा वास आला आणि मी एका दुकानात शिरलो. घरी नुकताच फ्रेंच प्रेस आला होता. त्यालाही जाळी असतेच, म्हणून मी म्हटलं, “पाव किलो, फिल्टरसाठी दळून द्या.” चूक तिथेच झाली. आपल्याकडे कॉफीच्या दुकानात फिल्टर म्हणजे दोन मजली पितळी किंवा स्टीलचं दाक्षिणात्य भांडं. त्याची पूड बारीक रव्याहूनही थोडी बारीक लागते. फ्रेंच प्रेसला मात्र इडली रव्यासारखी जाडसर हवी. घरी दांडा खाली जाईना, जोर लावला तर गरम पाणी उसळलं, आणि कपाच्या तळाशी गाळ बसला. चवही कडवट होती, कारण पूड जितकी बारीक तितका अर्क लवकर उतरतो आणि प्रेसमध्ये ती चार मिनिटं पाण्यात बुडून राहते.

शिवाय त्यात चिकोरी होती. मी काहीच बोललो नव्हतो, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकाला देतात तशी त्यांनी घातली. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये चिकोरीचं काम असतं. ती फुगून पाण्याचा वेग कमी करते आणि डिकॉक्शन दाट उतरतं. प्रेसमध्ये मात्र ती चवीवर कुरघोडी करते. म्हणून प्रमाण सांगावं, ‘ऐंशी-वीस’ किंवा ‘चिकोरी नको’. कायद्याने मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, तेव्हा गप्प राहणं महागात पडू शकतं.

तर ‘बारीक’, ‘जाड’, ‘मध्यम’ असं काही सांगू नका, भांड्याचं नाव सांगा. नाव आठवत नसेल तर मोबाइलवर त्याचा फोटो दाखवा. मोका पॉटसाठी दळून घेताना ‘एस्प्रेसो’ म्हणू नका. तितक्या बारीक पुडीने त्याची जाळी तुंबते. आधीचं गिऱ्हाईक सुगंधी कॉफी दळून गेलं असेल, तर आपल्यातल्याच मूठभर बिया आधी फिरवून ती पूड बाजूला काढायला सांगा. यंत्रात मागची पूड उरलेली असते. आणि पाव किलो एकदम दळून घेऊ नका, मी घेतली तशी. दळल्यावर सुवास झपाट्याने उडतो, म्हणून आठ-दहा दिवस पुरेल इतकीच घ्यावी.

पहिल्या खेपेला अंदाज चुकतोच. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये पाणी तासभर तुंबून राहिलं तर पूड फार बारीक आहे. पाच मिनिटांत सगळं खाली येऊन पातळ निघालं तर जाड. पुढच्या वेळी चिमूटभर पूड पुडीत बांधून न्या आणि ‘याहून एक नंबर जाड’ म्हणा. जमलं की यंत्रावरचा आकडा विचारून पाकिटावर लिहून ठेवा. तो आकडा त्याच दुकानात चालेल, शेजारच्या दुकानातल्या यंत्रावर नाही.