मुद्दल जागच्या जागी, व्याजाची तेवढी अदलाबदल

व्याजदर स्वॅप म्हणजे दोन कर्जदारांनी आपापसात केलेला व्याज भरण्याचा करार. एक जण दुसऱ्याला ठरलेल्या रकमेवर स्थिर दराने व्याज देतो आणि त्याच रकमेवर बदलत्या दराने व्याज घेतो. मुद्दल हातोहात फिरत नाही, ते फक्त हिशेबापुरते धरलेले असते. दोघांची मूळ कर्जे ज्या त्या बँकेत तशीच चालू राहतात. भारतात रिझर्व्ह बँकेने 1999 मध्ये अशा करारांना वाट करून दिली आणि सीए, एमबीएच्या प्रश्नपत्रिकांत हा प्रश्न आता नेहमीचा झाला आहे.

एक उदाहरण घेऊ. दोन कंपन्यांना प्रत्येकी 100 कोटी रुपये पाच वर्षांसाठी हवे आहेत. ‘अ’ची पत चांगली आहे. तिला स्थिर दराने 8 टक्क्यांनी कर्ज मिळते, बदलत्या दराने ट्रेझरी बिलाचा दर अधिक 0.30 टक्के. ‘ब’ला स्थिर दर 9.20 टक्के पडतो, बदलता दर ट्रेझरी बिल अधिक 0.70. ‘अ’ला हवे आहे बदलत्या दराचे कर्ज, ‘ब’ला स्थिर दराचे.

‘अ’ दोन्हीकडे स्वस्त आहे, मग ‘ब’शी करार करून तिला काय मिळणार? इथेच बरेच जण अडखळतात. पाहायचा असतो तो फरकांमधला फरक. स्थिर दरात ‘ब’ 1.20 टक्क्यांनी महाग आहे, बदलत्या दरात फक्त 0.40 टक्क्यांनी. उरलेले 0.80 टक्के दोघांनी वाटून घेण्याजोगे आहेत. म्हणून दोघी आपल्याला नको असलेल्या प्रकारचेच कर्ज काढतात: ‘अ’ स्थिर दराचे, ‘ब’ बदलत्या दराचे. मग स्वॅप ठरतो. ‘ब’ने ‘अ’ला 8.10 टक्के द्यायचे, ‘अ’ने ‘ब’ला ट्रेझरी बिलाचा दर द्यायचा, त्यावर काही न जोडता.

हिशेब दर सहा महिन्यांनी होतो. बदलता दर सहामाहीच्या सुरुवातीला नोंदवतात आणि पैसे शेवटी देतात. शेवटच्या दिवशीचा दर धरला की उत्तर चुकलेच. समजा सुरुवातीला दर 7 टक्के होता. ‘ब’चे देणे 100 कोटींवर 8.10 टक्क्यांनी अर्ध्या वर्षाचे, म्हणजे 4 कोटी 5 लाख. ‘अ’चे देणे 3 कोटी 50 लाख. दोन्ही रकमा इकडून तिकडे पाठवत नाहीत. वजाबाकी करून ‘ब’ फक्त 55 लाख देते आणि व्यवहार मिटतो. पुढच्या सहामाहीला दर 8.60 झाला, तर ‘अ’चे देणे 4 कोटी 30 लाख होते आणि या वेळी ‘अ’लाच 25 लाख द्यावे लागतात.

आता ‘ब’च्या मूळ कर्जाकडे वळावे, कारण उत्तराची खरी तपासणी तिथेच होते. पहिल्या सहामाहीत ती आपल्या बँकेला 7.70 टक्क्यांनी 3 कोटी 85 लाख भरते, वर स्वॅपचे 55 लाख: एकूण 4 कोटी 40 लाख. दुसरीत बँकेला 4 कोटी 65 लाख, त्यातून आलेले 25 लाख वजा: पुन्हा 4 कोटी 40 लाख. दर कुठेही गेला तरी तिला वर्षाला 8.80 टक्केच पडतात, थेट स्थिर कर्जापेक्षा 0.40 कमी. ‘अ’ला ट्रेझरी बिल वजा 0.10 पडते, तिचाही फायदा 0.40. दोन्ही मिळून 0.80 आले नाहीत, तर कुठेतरी गाडी रुळावरून घसरली आहे, बहुधा ‘ब’चे 0.70 स्वॅपमध्येच मिसळल्यामुळे.

मध्ये बँक आली की ती आपला वाटा घेते. तिने 0.10 ठेवून घेतले, तर ‘अ’ला 8.05 मिळतील, ‘ब’ 8.15 देईल आणि प्रत्येकीचा फायदा 0.35 वर येईल. त्या मोबदल्यात दुसरीने हात वर केल्यास नुकसान बँक सोसते. तेव्हाही 100 कोटी बुडत नाहीत. तसाच करार त्या दिवशीच्या दराने नव्याने करायला जो जास्तीचा खर्च येईल, तेवढाच फटका.

प्रश्नपत्रिकेतले अर्धे वर्ष प्रत्यक्षात अर्धे नसते. रुपयाच्या स्वॅपमध्ये दिवस मोजून 365 ने भागतात. सहामाही 182 दिवसांची असेल, तर 4 कोटी 5 लाखांऐवजी सुमारे 4 कोटी 3 लाख 89 हजार येतात.

त्या 0.80 टक्क्यांबद्दल मात्र थोडा संशय बाळगावा. ‘अ’चा 8 टक्के दर पाच वर्षांसाठी पक्का आहे. ‘ब’चे 0.70 तसे असतीलच असे नाही. तिची पत घसरली आणि बँकेने नूतनीकरणाच्या वेळी 0.70 चे 1.50 केले, तर स्वॅप तिला वाचवत नाही, कारण तो फक्त ट्रेझरी बिलाच्या चढउताराची भरपाई करतो. मग तिचा दर 8.80 वरून 9.60 वर जातो, म्हणजे सुरुवातीला नाकारलेल्या 9.20 पेक्षाही महाग.