सायीचा, पिस्ता, अबोली

भाचीचं बाळंतपण जवळ आलं तसं घरात एकमत झालं: गुलाबी नको, निळा नको. मुलगा की मुलगी हे आपल्याकडे कायद्याने आधी सांगत नाहीत, त्यामुळे बाळंतविडा दोघांनाही शोभेल असा हवा. सगळ्यांच्या तोंडी लगेच आला पिवळा. झबली पिवळी, दुपटी पिवळी, ठाण्यातल्या दहा बाय बाराच्या खोलीला फिकट पिवळा हात.

बाळ घरी आलं आणि चौथ्या दिवशी आजी म्हणाली, "पिवळं दिसतंय गं."

निम्म्याहून जास्त नवजात बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते. बहुतेकांची आपोआप उतरते, काहींना उपचार लागतात, म्हणून ती वेळेत ओळखणं महत्त्वाचं. पिवळ्या भिंतीवरून परतलेला उजेड बाळाच्या अंगावर पडतो. मग चांगलं बाळ पिवळं वाटतं, नाहीतर खरा पिवळेपणा "भिंतीचाच रंग असेल" म्हणून सुटून जातो. आम्ही बाळाला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून खिडकीशी नेलं, कपाळावर बोट हलकं दाबून उचललं. दाबलेली जागा पिवळसर दिसली. सावळ्या बाळाच्या बाबतीत डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्याही पाहाव्यात. पण नजरेवर विसंबायचं नाही. किती आहे ते तपासणीतच कळतं. आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो.

म्हणून माझं मत असं, की पहिले काही आठवडे बाळाभोवती पांढरा किंवा सायीचा रंग ठेवावा. पिस्ता, अबोली, मोतिया हवेत ना? जरूर, पण पाळण्यापासून लांबच्या भिंतीवर, पडद्यावर.

रंग सौम्य आहे की नाही, हे शेडकार्डावर कळत नाही. चार भिंतींवर तोच रंग एकमेकांवर उजेड टाकून गडद होतो. तेव्हा आवडलेल्या छटेपेक्षा एक-दोन पायऱ्या फिकी घ्यावी. भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात बघावा. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन आलं, की अबोली चक्क केशरी होते.

कपड्यांचं तंत्र वेगळं. बाळ कपड्याचं टोक तोंडात घालतं, म्हणून प्रत्येक रंगीत झबलं आधी धुवावं आणि ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघावं. रुमालावर रंग उतरला तर ते झबलं नको.

खरं तर ही सौम्यता आपल्या डोळ्यांसाठी असते. नवजात बाळाला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं आणि फिक्या छटा त्याला जवळपास सारख्याच. त्याला दिसतात ठळक कडा. आईच्या काळ्या केसांची कपाळावरची रेघ ते टक लावून बघतं, ती म्हणूनच.

आम्ही पाळण्यालगतच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली. पिवळी झबली कपाटात ठेवली आणि तिसऱ्या महिन्यात काढली. तोवर त्यातली निम्मी आखूड झाली होती.