घरातील यंत्रे आणि त्यांचे बिघाड : लेखांक ९ – डिशवॉशरमध्ये पाणी का येत नाही?

डिशवॉशरमधले वापरलेले पाणी बाहेर का जात नाही, याचा विचार मागील लेखांकात झाला. या लेखांकाचा विषय त्याच्या उलट टोकाचा, म्हणजे यंत्रात पाणी मुळीच न येण्याचा किंवा अपुरे येण्याचा आहे. या बिघाडात यंत्राचा दोष कमी आणि घराच्या पाणीपुरवठ्याचा अधिक, असे पुष्कळदा आढळते. महाराष्ट्रातील शहरांत, जिथे नळाला पाणी थेट महापालिकेच्या वाहिनीतून न येता गच्चीवरच्या टाकीतून उतरते, तिथे तर ही शक्यता प्रथम तपासावी लागते.

डिशवॉशरला धुण्यासाठी लागणारे पाणी थोडे असते. संपूर्ण धुण्यात साधारण १० ते १२ लिटर पाणी खर्च होते आणि ते टप्प्याटप्प्याने, एका वेळी तीन-चार लिटर या प्रमाणात घेतले जाते. हे तीन-चार लिटर तळाच्या खळग्यात साठते, तिथून पंप ते उचलून फिरत्या फवारदांड्यांकडे ढकलतो आणि भांड्यांवरून ओघळलेले तेच पाणी पुन्हा खळग्यात येऊन पुन्हा वर जाते. खळग्यात पाणी कमी असेल तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो, फवारा तुटक होतो आणि एरवी एकसुरी येणाऱ्या सळसळीच्या जागी अडखळती गुरगुर ऐकू येते. अपुऱ्या पाण्याची ही पहिली खूण होय. दुसरी खूण म्हणजे धुणे चालू असताना यंत्र थांबवून, फवारा शांत झाल्यावर दार उघडले असता तळाच्या गाळणीभोवती पाण्याचे थारोळे दिसत नाही.

पाणी ‘मुळीच न येणे’ आणि ‘कमी येणे’ हे दोन वेगळे बिघाड वाटले, तरी पुष्कळदा कारण एकच असते आणि फरक पडतो तो यंत्र पाणी कसे मोजते यामुळे. काही यंत्रे केवळ वेळ मोजतात, म्हणजे पाण्याची झडप ठरावीक सेकंद उघडी ठेवतात आणि तेवढ्या वेळात पुरेसे पाणी आले असे गृहीत धरतात. समजा, मिनिटाला ३ लिटर पाणी येईल या हिशेबाने झडप ८० सेकंद उघडी राहिली, तर ४ लिटर पाणी जमते. प्रवाह निम्मा असेल तर २ लिटरच जमते आणि यंत्र तेवढ्यावरच धुणे सुरू करते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांत आत येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर एक लहान चक्री बसवलेली असते आणि तिच्या फेऱ्यांवरून पाण्याचे मोजमाप होते. असे यंत्र कमी पाण्यावर काम सुरू करत नाही. ठरलेले माप भरेपर्यंत वाट पाहते आणि मुदत संपली की काम थांबवून पडद्यावर दोषाची खूण दाखवते. ही खूण एखाद्या यंत्रात E18 असते, तर दुसऱ्यात IE. पहिल्या प्रकारच्या घरात भांडी खरकटी राहिल्याची तक्रार होते, दुसऱ्या घरात यंत्र बंद पडल्याची. मूळ मात्र दोन्हीकडे मंदावलेला प्रवाह हेच असू शकते.

प्रवाह मंदावण्याचे पहिले कारण म्हणजे पुरवठ्याचा कमी दाब. पाण्याचा दाब बार या एककात मोजतात आणि टाकीतून उतरणाऱ्या पाण्याच्या बाबतीत १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो. म्हणजे नळापासून टाकीतल्या पाण्याची पातळी जितके मीटर वर, त्याच्या दहाव्या भागाइतका बार. बहुतेक डिशवॉशरांच्या माहितीपुस्तिकेत किमान दाब ०.३ किंवा ०.५ बार असा दिलेला असतो आणि काही पुस्तिकांत नळातून मिनिटाला किमान १० लिटर पाणी यावे, अशी जोडअटही असते.

ही अट एखाद्या चार मजली इमारतीला लावून पाहता येते. टाकी गच्चीवर १ मीटर उंच चौथऱ्यावर आहे, तिच्यात पूर्ण भरल्यावर १.२ मीटर पाणी असते, मजल्यांची उंची ३ मीटर आहे आणि डिशवॉशरचा नळ जमिनीपासून अर्धा मीटर वर आहे, असे मानू. सर्वांत वरच्या मजल्यावर, टाकी काठोकाठ भरलेली असताना, पाण्याची पातळी नळापासून ३ अधिक १ अधिक १.२ वजा ०.५, म्हणजे ४.७ मीटर वर असते आणि दाब ०.४७ बार मिळतो. सकाळची आंघोळ-धुणी उरकून टाकी तळाला गेली की हा दाब ०.३५ बारवर येतो. ०.५ बारची अट असलेले यंत्र या घरात एकदाही अटीत बसत नाही; टाकी भरलेली असताना ते कसेबसे चालते आणि टाकी रिकामी होत आली की अडते. दोन मजले खाली मात्र ६ मीटरची भर पडून दाब १.०७ बारपर्यंत जातो आणि तेच यंत्र तिथे विनातक्रार चालते. म्हणूनच ‘कधी चालते, कधी अडते’ अशी तक्रार असेल, तर ती कोणत्या वेळी होते आणि त्या वेळी टाकीत किती पाणी असते, याची आठवडाभर नोंद ठेवणे यंत्र उघडण्याहून अधिक उपयोगाचे ठरते.

कमी दाबाने पाणी केवळ हळू येते असे नाही; त्याने झडपच नीट उघडत नाही, आणि हे समजण्यासाठी झडपेची रचना पाहावी लागते. यंत्रातील पाण्याची झडप, जिला कारागीर इनलेट व्हॉल्व्ह म्हणतात, विजेच्या वेटोळ्यावर चालते, परंतु त्या वेटोळ्यात पाणी अडवून धरणारा पडदा थेट उचलण्याइतकी ताकद नसते. रबराच्या या पडद्याला एक बारीक छिद्र असते. त्यातून पाणी पडद्याच्या वरच्या कप्प्यात जाते आणि वरून दाबून पडदा बंद ठेवते. वेटोळ्यात वीज आली की एक छोटी दांडी उचलली जाऊन मधले दुसरे छिद्र मोकळे होते, वरच्या कप्प्यातले पाणी निसटते आणि खालच्या पाण्याचा दाब पडद्याला वर ढकलतो. म्हणजे वीज केवळ वाट करून देते, दार उघडते ते पाणीच. त्या पाण्यातच जोर नसेल तर पडदा अर्धवट उचलला जातो आणि बारीक धार येते. बंद होतानाही पडदा पाण्याच्याच दाबाने घट्ट बसतो. त्यामुळे बारीक छिद्रात कचरा अडकला तर झडप बंद होत नाही आणि यंत्र बंद असतानाही तळात पाणी साचत राहते.

हा कचरा छिद्रापर्यंत जाऊ नये म्हणून झडपेच्या तोंडाशी बारीक जाळी बसवलेली असते. जुन्या लोखंडी नळांचा गंज, टाकी धुतल्यानंतर उठलेला गाळ, टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातील बारीक वाळू आणि जड पाण्याचा पांढरा क्षार या जाळीवर साठत जातो. इथे दाबमापकाचा आकडा फसवा ठरतो, कारण पाणी वाहत नसताना तुंबलेल्या जाळीच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच असतो; अडथळा जाणवतो तो पाणी वाहू लागल्यावरच. त्यामुळे दाबाऐवजी प्रवाह मोजावा. यंत्राचा पाइप सोडवून नळाखाली बादली धरावी आणि मिनिटभरात किती लिटर पाणी पडते ते पाहावे. १० लिटर किंवा अधिक पाणी पडत असेल आणि तरीही यंत्र भरत नसेल, तर अडथळा नळाच्या पुढे आहे. धारच बारीक असेल तर तो नळाच्या मागे आहे आणि यंत्राला हात लावण्याचे कारण नाही.

जाळी साफ करण्यापूर्वी नळ बंद करून यंत्राचा प्लग काढावा. काही यंत्रांत जाळी पाइपच्या नळाकडील टोकाला असते, काहींत मागे खालच्या बाजूला जिथे पाइप यंत्राला जुळतो तिथे असते, तर काहींत दोन्हीकडे. ती चिमट्याने हळूच ओढून काढावी, वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी आणि पांढरा क्षार धरला असेल तर काही वेळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी. ज्या पाइपच्या नळाकडील टोकाला प्लास्टिकची जाड पेटी असते, त्या पेटीत विजेवर चालणारी झडपच असल्याने ती पाण्यात बुडवू नये आणि तो पाइप कापूही नये. जाळी काढून टाकली की पाणी जोरात येते, हा अनुभव खरा असला तरी तो उपाय नव्हे, कारण मग तोच कचरा थेट पडद्याच्या छिद्रात जाऊन बसतो.

नळाला धार चांगली आहे, जाळी स्वच्छ आहे, तरीही पाणी येत नसेल, तर पाणी भरण्याच्या क्षणी यंत्राच्या तळाशी कान द्यावा. झडपेची मंद घरघर ऐकू येत असेल तर तिला वीज मिळते आहे आणि दोष तिच्या आत आहे. पूर्ण शांतता असेल तर एकतर वेटोळे जळाले आहे, किंवा तिच्यापर्यंत वीजच पोचत नाही. वीज रोखणाऱ्या घटकांपैकी महत्त्वाचा म्हणजे फ्लोट स्विच. हा पाण्यावर तरंगणाऱ्या एका हलक्या तुकड्याला जोडलेला असतो. पाणी वाढले की तुकडा वर येतो, स्विच पडतो आणि झडपेची वीज तुटते. अमेरिकी धाटणीच्या यंत्रांत तो भांड्यांच्या कप्प्यातच, तळाच्या कोपऱ्यात, टोपीखाली असतो. तिथे चिकटपणाने किंवा क्षाराने तो वरच अडकला तर पाणी मुळीच येत नाही आणि अर्ध्यावर अडकला तर कमी येते. टोपी बोटाने उचलून सोडल्यावर ती मोकळेपणी खाली पडते की नाही, एवढ्यावरून हे कळते.

भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ यंत्रांत मात्र फ्लोट कप्प्याबाहेर, यंत्राच्या बुडाच्या तबकात असतो आणि त्याचे काम गळती ओळखण्याचे असते. तबकात पाणी साचले की तो उचलला जातो, पाणी घेणे थांबते आणि निचऱ्याचा पंप अखंड चालू राहतो. हात-घासणीचा द्रव साबण चुकून यंत्रात घातल्यावर उठलेला फेस कडांवरून झिरपून तबकात उतरणे, हे त्याचे एक नेहमीचे कारण आहे. यंत्र थोडे तिरके करून ते पाणी काढले की पाणी भरणे पुन्हा सुरू होते. पण फेसाचा प्रकार घडला नसतानाही तबकात पाणी आढळले, तर कुठेतरी खरी गळती आहे आणि फ्लोटने आपले काम चोख केले आहे, असे समजून ती गळती शोधावी.

दाबच कमी असेल तर टाकी उंच करणे किंवा टाकीकडून घरात येणाऱ्या वाहिनीवर प्रेशर पंप बसवणे हे दोन मार्ग उरतात. हा पंप महापालिकेच्या मुख्य वाहिनीला थेट जोडू नये. पाणी पुरेसे येऊनही भांडी खरकटी राहत असतील तर दोष फवारदांड्यांत शोधावा लागतो. त्याचा विचार पुढील लेखांकात.