हेतुपत्रातले तीन काळ

परदेशात एमएस किंवा एमएस्सीला अर्ज करायचा तर एक-दोन पानांचं हेतुपत्र लिहावं लागतं. मुलं त्याला ‘एसओपी’ म्हणतात. माझ्याकडे दर हिवाळ्यात असे मसुदे तपासायला येतात. त्यांतली इंग्रजी शब्दसंपत्ती बहुधा चांगली असते. गडबड होते ती क्रियापदांच्या काळात, आणि चुकाही ठरलेल्या असतात, कारण त्या आपल्या मराठीतून येतात.

एक नमुना घेऊ. लातूरची एक मुलगी आहे. २०२३ मध्ये ती सिव्हिल इंजिनिअर झाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून ती लहान शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर आहे. तिला नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला पाण्याच्या अभियांत्रिकीत मास्टर्स करायचं आहे. जगभरच्या अभियंत्यांना हा विषय शिकवणारी संस्था तिथे १९५७ पासून चालू आहे. मुलीच्या पहिल्या मसुद्यात ही दोन वाक्यं आहेत :

‘आय हॅव कम्प्लीटेड माय डिग्री इन २०२३. आय ॲम वर्किंग इन वॉटर सप्लाय सिन्स टू इयर्स.’

मराठीत ‘मी २०२३ साली पदवी पूर्ण केली आहे’ हे वाक्य कुणाला खटकत नाही. आपला ‘आहे’ साल-तारखेशेजारी सुखाने बसतो. इंग्रजीतला ‘हॅव’ तसा बसत नाही. ‘हॅव’ लावला की ती गोष्ट आजपर्यंत पोचलेली आहे, असं वाचणारा धरून चालतो. साल सांगितलं की गोष्ट त्या सालातच राहिली. म्हणून जिथे साल, ‘लास्ट इयर’ किंवा ‘अगो’ आहे, तिथे साधा भूतकाळ : ‘आय कम्प्लीटेड माय डिग्री इन २०२३.’

दुसऱ्या वाक्यातली चूक उलट्या दिशेची आहे. ‘दोन वर्षांपासून काम करते आहे’ याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं की ‘ॲम वर्किंग’ येतं. पण पूर्वी सुरू झालेलं आणि आजही चालू असलेलं काम इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळात सांगते, म्हणजे शाळेत शिकलेल्या प्रेझेंट परफेक्टमध्ये : ‘आय हॅव वर्क्ड इन वॉटर सप्लाय सिन्स जुलै २०२३.’ ‘सिन्स’पुढे सुरुवातीचा क्षण येतो आणि ‘फॉर’पुढे मुदत. मराठीत दोन्हीकडे एकच ‘पासून’ चालतो, म्हणून ‘सिन्स टू इयर्स’ तोंडात बसतं. मुदतच सांगायची तर ‘फॉर टू इयर्स’ म्हणावं.

हा फरक व्याकरणापुरता नाही. मुलीने ‘आय वर्क्ड फॉर टू इयर्स’ लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला वाटलं असतं, हिने नोकरी सोडली. एका ‘हॅव’वरून ती अजून कामावर आहे हे कळतं.

आता तिच्या पूर्वपीठिकेचा परिच्छेद सुधारून असा होतो :

‘इन एप्रिल २०१६, ट्रेन्स ब्रॉट ड्रिंकिंग वॉटर टू माय सिटी, लातूर. आय कम्प्लीटेड माय डिग्री इन सिव्हिल इंजिनिअरिंग इन २०२३, अँड आय हॅव वर्क्ड इन वॉटर सप्लाय सिन्स देन. आय हॅव मेझर्ड लीकेज इन फोर स्मॉल टाउन्स. आय हॅव नॉट यट लर्न्ट टू मॉडेल अ होल नेटवर्क.’

पहिलं वाक्य साध्या भूतकाळात आहे, कारण मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली ती त्या एप्रिलमध्ये. घटना घडली, संपली. चार शहरांतली गळती मात्र ‘हॅव मेझर्ड’ने सांगितली आहे. ती नेमकी कधी मोजली याला इथे महत्त्व नाही. तो अनुभव आज तिच्या गाठीशी आहे, हे महत्त्वाचं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शेवटचं वाक्य. ‘हॅव नॉट यट’ म्हणजे ‘अजून झालेलं नाही, पण व्हायचं आहे’. हेतुपत्रात हेतू कळतो तो इथे. गळती मोजण्याची एक रूढ पद्धत अशी : रात्री लोक झोपलेले असताना नळाला पाणी कमीत कमी जातं, त्या वेळचा प्रवाह मोजायचा, त्यातला बराचसा भाग गळतीचा असतो. ही पद्धत चोवीस तास पाणी असलेल्या शहरासाठी आहे. जिथे पाणी काही तासच सुटतं, तिथे रात्री नळवाहिनी रिकामी असते आणि पाणी आलं की सगळे एकदम भरून घेतात. तिथे ही पद्धत चालत नाही. मुलीची अडचण नेमकी ही आहे, आणि ती सांगितल्यावर पुढचा भविष्यकाळ आपोआप येतो.

भविष्यकाळात मुलं सगळीकडे ‘विल’ वापरतात. मराठीत आपण ‘करीन’, ‘करणार आहे’, ‘करायचा विचार आहे’, ‘करायला मिळेल अशी आशा आहे’ असे बारीक फरक रोज करतो. तेच इंग्रजीत आणायचे :

‘ड्युरिंग द कोर्स, आय विल फोकस ऑन नेटवर्क मॉडेलिंग. आय होप टू राइट माय थीसिस ऑन टाउन्स व्हेअर वॉटर कम्स फॉर ओन्ली अ फ्यू अवर्स. बाय द एंड ऑफ द कोर्स, आय विल हॅव बिल्ट अ मॉडेल ऑफ वन सच टाउन. आफ्टर आय ग्रॅज्युएट, आय प्लॅन टू रिटर्न टू मराठवाडा अँड युज इट देअर.’

कशावर लक्ष द्यायचं हे तिच्या हातात आहे, म्हणून ‘विल’. प्रबंधाचा विषय मार्गदर्शकाने मान्य करायचा असतो, म्हणून ‘होप टू’. एखाद्या प्राध्यापकांचं नाव घालून ‘आय विल वर्क विथ’ लिहिलं तर त्यांच्या वतीने आपणच होकार दिल्यासारखं होतं. ‘विल हॅव बिल्ट’ हा पूर्ण भविष्यकाळ : अमुक वेळेपर्यंत काम झालेलं असेल. तो एकदाच आणि मोजता येईल अशा गोष्टीसाठी वापरावा. परतण्याचा बेत ठरलेला आहे, पण तो पुढचा, म्हणून ‘प्लॅन टू’.

शेवटच्या वाक्यात ‘आफ्टर आय विल ग्रॅज्युएट’ लिहिण्याचा मोह होतो. ‘आफ्टर’, ‘व्हेन’, ‘वन्स’ यांनी सुरू होणाऱ्या अशा वेळदर्शक उपवाक्यात ‘विल’ येत नाही, तिथे साधा वर्तमानकाळ येतो. ‘इफ’चंही तेच : ‘इफ आय गेट ॲडमिशन’.

पहिल्या मसुद्यात या मुलीने ‘आय विल सॉल्व्ह द वॉटर प्रॉब्लेम ऑफ मराठवाडा’ असंही लिहिलेलं आहे. व्याकरण बिनचूक आहे, तरी वाक्य काढावं लागतं. पाऊस, धरणं, पिकं, पालिका यांतलं काहीच तिच्या एकटीच्या हातात नाही, हे वाचणाऱ्याला कळतं. एका गावाच्या नळवाहिनीचं मॉडेल तिच्या हातात आहे.

आपला मसुदा झाला की लाल पेनाने फक्त क्रियापदांना गोल करा. ‘हॅव’ असलेल्या प्रत्येक वाक्यात संपलेली तारीख आहे का बघा. असेल तर तारीख किंवा ‘हॅव’, दोहोंतलं एक काढा. मग प्रत्येक ‘विल’पाशी थांबून विचारा, हे माझ्या हातात आहे का? उत्तर ‘नाही’ आलं तर तिथे ‘होप टू’ लिहा.