खच्चीकरण नव्हे, नसबंदी

आमच्या निपाणी भागात बैल कसा खच्ची करतात हे पुष्कळांनी पाहिलेले असते. त्यामुळे नसबंदीचे नाव काढताच तेच दृश्य डोळ्यांपुढे उभे राहते. ‘मास्तर, मग आम्ही काय बैल व्हायचं?’ असे एका पालकाने आम्हांला विचारले. त्यांना तीन मुले होती, पत्नी विड्या वळत असे, आणि ऑपरेशन तिचेच करावयाचे ठरले होते.

प्रश्न प्रामाणिक होता. बैलाच्या बाबतीत चिमट्याने रक्तवाहिन्यांसकट सारा दोर चेपतात. रक्त न मिळाल्याने वृषण सुकतो आणि बैल थंडावतो. नसबंदीत फक्त वीर्यबीज वाहून नेणारी बारीक नळी दोन्ही बाजूंना कापून बांधतात. रक्तवाहिन्यांना हात लावीत नाहीत. पुरुषत्वाचा रस त्या नळीतून जातच नाही. तो थेट रक्तात मिसळतो. म्हणून आवाज, दाढी, ताकद आणि इच्छा पूर्वीप्रमाणेच राहतात. वीर्याचा बहुतेक भाग इतर ग्रंथींतून येत असल्याने त्यातही फरक जाणवत नाही.

जागा बधिर करून हे काम साधारण पाव तासात होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन दिवस विश्रांती घ्यावी. आठवडाभर जड ओझे व सायकल टाळावी. थोडी सूज येते. परंतु ती वाढत गेली, ताप आला किंवा पू दिसला, तर दवाखाना गाठावा.

खरा धोका निराळाच आहे. कापलेल्या जागेच्या पुढे बीज शिल्लक असते. म्हणून तीन महिने दुसरे साधन वापरून मग वीर्याची तपासणी करावी लागते. ती न केल्याने दिवस गेले की संशय बिचाऱ्या पत्नीवर येतो. क्वचित नळी पुन्हा जुळतेही. तेव्हा पत्नीला दोष देण्याआधी पतीची तपासणी करावी.

स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत शंभर विवाहित स्त्रियांत सुमारे 38 जणींची शस्त्रक्रिया झालेली होती; पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही नव्हते. पूर्वी असे नव्हते. 1976-77 साली आणीबाणीत सुमारे 62 लाख पुरुषांची नसबंदी झाली, त्यांपैकी पुष्कळांवर बळजबरी होती. 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीचे विधेयकही मंजूर केले होते. ते कायदा झाले नाही, पण धास्ती उरली. पुढे सरकारी कार्यक्रम स्त्रियांकडेच वळला, कारण बाळंतपणासाठी त्या रुग्णालयात येतातच. घरातील वडीलधाऱ्यांनी त्यात भर घातली की, कमावत्या माणसाला अशक्तपणा नको. विड्या वळणारी बाई कमावती नसते काय?

ते गृहस्थ पुढे स्वतःच ऑपरेशन करवून आले. भेटले तेव्हा म्हणाले, ‘तीन महिन्यांनी तपासणी आहे, बायकोनं कॅलेंडरावर खूण केलीय.’