बफर क्षमता

बफर क्षमता म्हणजे एखाद्या बफर द्रावणाचा सामू (pH) ठरावीक प्रमाणात बदलण्यासाठी त्यात किती तीव्र आम्ल किंवा तीव्र आम्लारी मिसळावी लागते, याचे माप होय. ही राशी β या अक्षराने दर्शवितात. डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनी १९२२ मध्ये तिची आज रूढ असलेली व्याख्या मांडली. एक लिटर द्रावणाचा सामू एका एककाने बदलण्यासाठी साधारण किती मोल आम्ल वा आम्लारी लागेल, हे β वरून समजते. सामू आणि बफर क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामूमापकावर पहिली दिसते, दुसरी दिसत नाही.

कार्यतत्त्व

ॲसेटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट यांचे द्रावण हे बफरचे परिचित उदाहरण आहे. त्यात तीव्र आम्ल मिसळले असता ॲसिटेट आयन हायड्रोजन आयनांना बांधून घेतात व त्यांचे ॲसेटिक आम्ल होते. आम्लारी मिसळली असता याच्या उलट घडते. म्हणजे बाहेरून आलेल्या आम्लामुळे एका घटकाचे दुसऱ्यात रूपांतर होते, आणि सामू बदलतो तो या दोहोंच्या गुणोत्तरातील बदलामुळे. हा संबंध हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणाने व्यक्त होतो :

pH = pKa + log([A⁻]/[HA])

येथे HA हे सौम्य आम्ल, A⁻ ही त्याची संयुग्मी आम्लारी आणि pKa हा आम्लाच्या विचरण स्थिरांकाचा ऋण लघुगणक होय. ॲसेटिक आम्लाचा pKa २५° सेल्सियसला ४.७६ आहे.

संहतीचा परिणाम

एक लिटर द्रावणात ॲसेटिक आम्ल व ॲसिटेट प्रत्येकी ०.१ मोल असल्यास सामू ४.७६ असतो. त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळल्यावर ॲसिटेट ०.०९ मोल व आम्ल ०.११ मोल होते आणि सामू ४.६७ वर येतो. एवढेच आम्ल एक लिटर शुद्ध पाण्यात मिसळले, तर सामू ७ वरून २ वर घसरतो.

आता हेच बफर पाण्याने दहापट विरल केले, तर गुणोत्तर तेच राहिल्याने सामू जवळजवळ पूर्वीइतकाच दिसेल. परंतु एक लिटरमध्ये प्रत्येक घटक केवळ ०.०१ मोल उरतो. त्यात तेवढेच आम्ल मिसळताच सगळे ॲसिटेट संपते व सामू सुमारे ३.२ होतो. गुणोत्तर स्थिर असताना बफर क्षमता एकूण संहतीच्या सम प्रमाणात असते, ती अशी.

गुणोत्तराचा परिणाम

एकूण संहती ०.२ मोल प्रति लिटर ठेवून ॲसिटेट व आम्ल यांचे प्रमाण १०:१ केल्यास सामू ५.७६ होतो. आम्ल आता ०.०१८ मोलच आहे. ०.०१ मोल सोडियम हायड्रॉक्साइड मिसळताच त्यातील निम्म्याहून अधिक खर्ची पडते आणि सामू ६.१३ वर जातो. समान प्रमाणाच्या बफरमध्ये हाच बदल ०.०९ एवढा होता. येथे तो ०.३७ आहे. भरपूर असलेल्या घटकात थोडी भर पडल्याने फारसे बिघडत नाही, पण जो घटक तुटपुंजा आहे त्यातून तेवढीच वजावट झाली की गुणोत्तर झपाट्याने पालटते. दोन्ही घटक समान असतात तेव्हा तुटपुंजा असा कोणी नसतो, आणि त्याच वेळी log १ = ० असल्याने सामू pKa इतका असतो.

सौम्य आम्लाच्या बफरसाठी, पाण्याचा स्वतःचा वाटा वगळता, पुढील सूत्र मिळते :

β = 2.303 · C · x(1 − x)

C ही एकूण संहती व x हा संयुग्मी आम्लारीचा अंश होय. x = ०.५ असताना हे मूल्य सर्वाधिक, म्हणजे ०.५७६C असते. pKa पासून एक एकक दूर गेल्यावर क्षमता एक तृतीयांश उरते. यावरूनच बफर pKa च्या अलीकडे-पलीकडे एका एककापर्यंत वापरावे असा संकेत रूढ झाला आहे. त्या मर्यादेवर क्षमता एकाएकी संपते असे मात्र नाही.

निवडीतील चूक

ॲसिटेट वापरूनही सामू ७ चे द्रावण करता येते. त्यासाठी प्रमाण सुमारे १७४:१ ठेवावे लागते. सामूमापक अचूक ७ दाखवील, पण ०.२ मोल संहतीच्या एका लिटरमध्ये आम्ल जेमतेम ०.००११ मोल असेल. ०.००२ मोल आम्लारीही त्याला पेलवणार नाही. द्रावणाचा थोडा नमुना वेगळा काढून त्यात मोजकी आम्लारी टाकून पाहिल्याखेरीज हा दोष उघड होत नाही. सामू ७ साठी, ज्याचा दुसरा pKa सुमारे ७.२ आहे असे फॉस्फेट योग्य ठरते.

मानवी रक्तातील बायकार्बोनेट बफर या नियमाला अपवाद वाटतो. त्याचा pKa ६.१, रक्ताचा सामू ७.४ आणि प्रमाण सुमारे २०:१ असते. बंद बाटलीत असे बफर दुबळे ठरले असते. परंतु शरीरात आम्लामुळे तयार होणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांवाटे बाहेर टाकला जातो आणि बायकार्बोनेटचे प्रमाण मूत्रपिंडे राखतात. वरील सूत्र एकूण संहती स्थिर असलेल्या द्रावणासाठी असल्याने ते येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.